एकच मॉडेल, एकच नंबर, दोन बहिणींचे दोन तऱ्हेचे पाय: रनिंग शूजच्या निवडीचं आणि बदलाचं एक प्रकरण

दोघी सख्ख्या बहिणी. थोरली ३८ वर्षांची, धाकटी ३४. दोघी दोन वर्षांपासून नियमित पळतात. दोघींना एकच नंबर लागतो, म्हणून त्यांनी एकाच दिवशी एकाच मॉडेलचे शूज घेतले. न्यूट्रल म्हणजे आतल्या बाजूला वेगळा आधार नसलेले, मध्यम मऊ, टाच आणि चवडा यांच्या उंचीत ८ मिलिमीटरचा फरक असलेले. पुढे अर्ध मॅरेथॉनची तयारी सुरू झाली आणि पाचव्या आठवड्यात, शूज नऊ महिन्यांचे असताना, दोघींचेही पाय कुरकुरू लागले, पण वेगवेगळ्या जागी.

थोरलीची नडगी आतल्या बाजूने, घोट्याच्या वर साधारण वीतभर, दुखायची. चौथ्या किलोमीटरला सुरुवात व्हायची आणि पळणं थांबवल्यावर तासाभरात कळ विरायची. धाकटीच्या पायाची बाहेरची कड, करंगळीच्या बाजूची, ठणकायची. शिवाय अर्ध्या तासानंतर पायाच्या वरच्या भागाला मुंग्या येऊन तो बधिर व्हायचा.

दोघींनी शूज उलटे करून सोल पाहिले आणि आपापला निष्कर्ष काढला. थोरलीचं रबर जवळपास शाबूत, फक्त टाचेची बाहेरची कड थोडी झिजलेली. त्यामुळे "शूज ठीक आहेत, दोष पायात आहे" असं तिने ठरवलं. धाकटीची टाच बाहेरच्या बाजूला चांगलीच झिजली होती. "माझा पाय बाहेर कलतो, त्याला आधार देणारे शूज हवेत", असं तिने ठरवलं. दोन्ही निष्कर्ष चुकीचे होते, आणि चुकण्याचं कारणही एकच: सोलच्या रबरावर फार विसंबणं.

सोल काय सांगतो, काय सांगत नाही

टाचेवर उतरणारे बहुतेक धावपटू टाचेच्या बाहेरच्या कडेवरच उतरतात. पाय जमिनीला लागतो तेव्हा तळवा किंचित आतल्या बाजूला वळलेला असतो, म्हणून बाहेरची कड आधी टेकते आणि तिथलं रबर घासलं जातं. सपाट तळवा असो की उंच कमान, ही खूण दोघांकडे सापडते. पाऊल टेकल्यानंतर वजन आत किती जातं, कमान किती खाली बसते, हे त्या खुणेवरून कळत नाही. रबर घासून झिजतं. भार मात्र रबराच्या वरच्या फोममध्ये साठतो. त्यामुळे शूजची अवस्था ओळखायची तर फोम तपासावा लागतो.

थोरलीचा जोड सपाट टेबलावर ठेवून डोळे टेबलाच्या पातळीवर आणून मागून पाहिला. टाचेला धरून ठेवणारा मागचा कडक कप सरळ उभा असायला हवा होता. दोन्ही पायांत तो आतल्या बाजूला झुकलेला होता, डाव्यात जास्त. मग पट्टी लावून फोमची उंची मोजली, टाचेच्या मध्यापासून आत आणि बाहेर समान अंतरावर. आतली बाजू डाव्यात ३ मिलिमीटरने, उजव्यात २ मिलिमीटरने कमी भरली. नव्या जोडात दोन्ही बाजू सारख्या असतात. आतल्या भिंतीवर आडव्या, बारीक, एकमेकींना चिकटलेल्या सुरकुत्या होत्या आणि अंगठ्याने दाबल्यावरही त्या उघडत नव्हत्या. बाहेरच्या भिंतीवर अशा सुरकुत्या जवळपास नव्हत्या. फोम एका बाजूने बसला होता. तिचा पाय आधीच आत झुकतो, आणि आता त्याला आत झुकलेली जमीन मिळत होती.

धाकटीचा जोड टेबलावर अगदी सरळ उभा राहिला. पण सुखतळा काढून आत हात घातला तेव्हा टाचेखाली आणि चवड्याखाली बोटांना दोन उथळ खळगे लागले. मधला भाग नव्यासारखाच. सुखतळ्यावरही तसाच ठसा: टाचेचा एक काळपट गोल, चवड्याचा एक पट्टा आणि मध्ये कोरी जागा. थोरलीच्या सुखतळ्यावर मात्र टाचेपासून बोटांपर्यंत सलग डाग होता.

पाय मोजणं

ओल्या पायाचा कागदावरचा ठसा दोघींनी घरी घेतलाच होता. थोरलीचा ठसा भरलेला, धाकटीचा टाच आणि चवडा यांना बाहेरून जोडणाऱ्या दोरीएवढ्या पट्टीचा. हा ठसा उभ्या पायाचा आकार दाखवतो, एवढंच. कमान भाराखाली किती खाली येते हे तो सांगत नाही, आणि शूजसाठी तेच जास्त महत्त्वाचं आहे. ज्यांचा तळवा सपाट दिसतो पण भाराखाली फारसा हलत नाही, त्यांच्यासाठी निवड वेगळी होते.

ते मोजायची पद्धत घरी करता येण्याजोगी आहे. खुर्चीवर बसायचं, गुडघा काटकोनात, पाऊल जमिनीवर सैल टेकलेलं. आतल्या घोट्याच्या पुढे आणि थोडं खाली एक हाडाचा उंचवटा बोटाला लागतो, त्याला नेव्हिक्युलर म्हणतात. त्यावर पेनाने ठिपका द्यायचा. शेजारी एक जाड कार्ड उभं धरून ठिपक्याची उंची त्यावर नोंदवायची. मग उभं राहून दोन्ही पायांवर सारखं वजन टाकायचं आणि त्याच कार्डावर पुन्हा खूण करायची. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे कमान किती बसली ते. एका मोजणीत एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो, म्हणून तीनदा मोजून मधला आकडा घ्यावा. १० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर कमान बरीच बसते असं साधारण मानतात.

थोरलीची डावी कमान १२ मिलिमीटर आणि उजवी ११ मिलिमीटर खाली आली. धाकटीची दोन्ही पायांत फक्त ३ मिलिमीटर. थोरली चवड्यांवर उभी राहिली तेव्हा तिची कमान वर उचलली गेली आणि टाचा आत वळल्या. म्हणजे तिचा सपाटपणा लवचिक आहे. चवड्यांवर गेल्यावरही कमान दिसलीच नसती, किंवा एका पायावर टाच उचलताच आली नसती, तर शूजचा विचार बाजूला ठेवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाणं भाग होतं. एकाच पायाची कमान अलीकडे बसू लागली असेल तरीही तसंच, कारण तिथे कमान तोलणाऱ्या स्नायूबंधाची दुखापत असू शकते.

धाकटीच्या बाबतीत आधी हाड तपासणं गरजेचं होतं. उंच कमानीचा पाय जमिनीला कमी जागेत टेकतो आणि कमी लवतो, त्यामुळे बाहेरच्या कडेच्या हाडांवर ताण येतो. बोटाच्या टोकाने दाबल्यावर एकाच बिंदूवर तीव्र दुखणं, एका पायावर उडी मारल्यावर कळ, रात्री झोपेत ठणकणं यातलं काहीही असतं तर पळणं थांबवून हाडाच्या बारीक भेगेची शक्यता डॉक्टरांकडून तपासून घ्यावी लागली असती. तिची कड दाबल्यावर लांबभर हळवी होती, एका बिंदूवर नाही, आणि उडी मारताना दुखलं नाही.

दुखण्याच्या जागाही पायांच्या जातीला धरूनच होत्या. उंच आणि सपाट कमानीच्या प्रत्येकी २० धावपटूंची तुलना करणारा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात उंच कमानवाल्यांना घोट्याच्या, हाडांच्या आणि बाहेरच्या बाजूच्या दुखापती जास्त होत्या; सपाट तळव्याच्या धावपटूंना गुडघ्याच्या, मऊ ऊतींच्या आणि आतल्या बाजूच्या.

मग सपाट पायाला आधार देणारे स्टॅबिलिटी शूज आणि उंच कमानीला मऊ, हा नियम?

दुकानांत वर्षानुवर्षं हाच नियम चालत आला आहे. तो जसाच्या तसा वापरू नये असं आमचं ठाम मत आहे. अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणार्थींवर २००९-१० च्या सुमारास मोठे प्रयोग झाले. एका गटाला तळव्याच्या आकारानुसार शूज दिले, दुसऱ्या गटात सगळ्यांना एकाच प्रकारचे. दुखापतींच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दुसरीकडे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ३७२ हौशी धावपटूंच्या सहा महिन्यांच्या चाचणीत आधार देणाऱ्या शूजमुळे दुखापती कमी झाल्या, आणि तो फायदा प्रामुख्याने आत कलणाऱ्या पायांना झाला.

हे दोन निकाल परस्परविरोधी वाटतात, पण त्यांचा मेळ लागतो. नुसत्या ठशाच्या आकारावरून शूज वाटले तर उपयोग दिसत नाही. पाय भाराखाली खरोखर आत कलत असेल, तर आधाराचा उपयोग होऊ शकतो. त्यामुळे सपाट तळवा आहे, पण न्यूट्रल शूजमध्ये कसलीही तक्रार नाही, अशा माणसाने केवळ ठसा पाहून शूज बदलू नयेत. थोरलीकडे तिन्ही गोष्टी जुळत होत्या: कमान १२ मिलिमीटर बसत होती, फोम आतून दबला होता आणि दुखणं आतल्या बाजूचं होतं. म्हणून तिच्यासाठी आधाराचा विचार योग्य होता.

थोरलीची निवड

तिने संध्याकाळी, पळतानाचेच मोजे घालून, तीन जोड घालून पाहिले. आधी पायाची लांबी बसून आणि उभं राहून मोजली: २४३ आणि २४८ मिलिमीटर. ब्रिटिश किंवा अमेरिकी मापात अर्धा नंबर म्हणजे सव्वाचार मिलिमीटर, म्हणजे उभं राहताच तिचा पाय अर्ध्या नंबराहून जास्त लांबतो. आजवर ती बसून माप देत आली होती, आणि डाव्या अंगठ्याचं नख वारंवार काळं पडायचं त्याचं कारण इथे सापडलं. नवा नंबर अर्ध्याने मोठा घेतला. उभं असताना सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या नखाएवढी, एक ते सव्वा सेंटिमीटर जागा राहायला हवी.

पहिला जोड भारी आधाराचा होता, आतल्या बाजूला कडक फोमचा ठोकळा असलेला. दोन मिनिटं हळू पळल्यावर तिला कमानीखाली खडा असल्यासारखं वाटलं. "घालून घालून सवय होईल" हा सल्ला इथे पाळू नये. दुकानात टोचणारी जागा दहाव्या किलोमीटरला फोड आणते. दुसरा जोड सौम्य आधाराचा: ठोकळा नाही, पण टाचेच्या दोन्ही बाजूंनी फोमच्या भिंती वर आलेल्या आणि तळ रुंद. तिसरा न्यूट्रल, खूप मऊ आणि उंच. तो घालताच छान वाटला. मात्र एका पायावर उभं राहून गुडघा थोडा वाकवला की घोटा आत डुलायचा. मऊ, उंच फोम सपाट लवचिक पायाखाली हाच धोका देतो: आधीच हलणाऱ्या पायाला हलणारी जमीन मिळते.

दुसरा आणि तिसरा जोड एकेका पायात घालून तिने पुन्हा पळून पाहिलं. दोन पायांतला फरक एकाच वेळी जाणवतो, स्मरणावर विसंबावं लागत नाही. निवड दुसऱ्याची झाली.

धाकटीची निवड

ती आधाराचे शूज मागायला आली होती. ते तिच्यासाठी उलट ठरले असते. आतल्या बाजूचा कडक फोम वजन बाहेर ढकलतो, आणि तिची बाहेरची कडच दुखत होती. तिला हवं होतं ते वेगळं: टाच आणि चवडा या दोन ठिकाणी पुरेसा जाड, मऊ फोम, रुंद तळ म्हणजे घोटा बाहेर मुरगळणार नाही, आणि पायाच्या वरच्या उंचवट्याला जागा.

शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. कमान उंच असली की पायाची पाठही उंच असते. लांबी बरोबर असूनही शूज वरून आवळतो आणि तिथल्या नसा दाबल्या जातात. मुंग्यांचं कारण तेच असावं अशी शंका होती. ते तपासायला नवे शूज लागत नाहीत. उंचवट्याच्या वर जी भोकांची जोडी येते, तिथे लेस आडवी न नेता त्याच बाजूने सरळ वर न्यायची आणि पुढच्या भोकापासून पुन्हा आडवी विणायची. दाबाच्या जागी एक खिडकी तयार होते. टाच सैल वाटू नये म्हणून अगदी वरच्या भोकांत प्रत्येक बाजूला छोटा फासा करून समोरची लेस त्यातून ओवायची. जुन्याच जोडात एवढा बदल केल्यावर पुढच्या तीन धावांत मुंग्या आल्या नाहीत.

कडेचं दुखणं मात्र राहिलं, म्हणून जोड बदलला. नव्या जोडातली जीभ पातळ पण मऊ होती आणि वरचा भाग ताणला जाणारा होता. कमानीखाली कडक उंचवटा असलेला सुखतळा तिला सुचवला गेला होता. तो न घेण्याचं ठरलं. पोकळी हलकेच भरणारा सुखतळा भार पसरवू शकतो, पण कडक उंचवटा न लवणाऱ्या कमानीला खालून ढोसतो.

किती किलोमीटरनंतर?

थोरलीच्या घड्याळात जुन्या जोडाचे ४८० किलोमीटर नोंदले होते, आणि शूज बदलण्याचा ५०० ते ८०० हा प्रचलित पल्ला तिला माहीत होता. पण ती तेच शूज घालून रोज कामाला चालत जायची. नऊ महिन्यांचं ते चालणं धरलं तर आकडा कितीतरी पुढे जातो. चालण्याचा एकेक धक्का हलका असला तरी फोम दिवसभर दबून राहतो. पळायचे शूज पळण्यापुरतेच ठेवले तरच नोंदीला अर्थ आहे.

तो पल्ला तरी कुठून येतो? १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यंत्राने शूजवर धक्के देऊन पाहिले होते. पहिल्या ८० किलोमीटरमध्येच धक्का शोषण्याची क्षमता सुमारे पाऊण भागावर आली. ४०० ते ८०० किलोमीटरच्या दरम्यान ती ६० टक्क्यांखाली गेली. माणसांनी पळून वापरलेल्या शूजमध्ये घट कमी होती. आजचे फोम वेगळे आहेत, पण वळण लक्षात घेण्यासारखं आहे: सुरुवातीला झपाट्याने आणि मग सावकाश. एखाद्या दिवशी शूज "संपतो" असा क्षण येत नाही. रोज घालणाऱ्याला फरक कळत नाही, कारण शरीर हळूहळू जुळवून घेतं. म्हणून किलोमीटरचा आकडा ही तपासणी सुरू करण्याची खूण मानावी. ४०० झाले की दर १०० किलोमीटरला टेबलावरची परीक्षा घ्यावी.

दोघींनी तपासायच्या जागा मात्र वेगळ्या. थोरलीने आतल्या आणि बाहेरच्या भिंतीची उंची पाहायची आणि टाचेचा कप झुकला का ते पाहायचं. धाकटीचा जोड कधी झुकणारच नाही. तिने सुखतळा काढून टाच आणि चवडा यांखालचे खळगे बोटाने चाचपायचे. तिच्या जुन्या जोडाचे ४१० किलोमीटर झाले होते आणि खळगे उथळ होते, म्हणजे त्या फोममध्ये अजून जीव होता. तिची अडचण जुनेपणाची नव्हती, मापाची होती.

पुढचे महिने

नव्या जोडाने लगेच लांब पळायचं नाही. पहिल्या आठवड्यात ३-४ किलोमीटरच्या दोन धावा, मग हळूहळू वाढ. धाकटीने जुना, लेस बदललेला जोड आलटून पालटून वापरला. थोरलीचा जुना जोड वापरण्याजोगा नव्हता, म्हणून तिने एकूण पळणंच कमी केलं. तयारीच्या काळात तिने तीन आठवड्यांत आठवड्याच्या १८ वरून २७ किलोमीटरवर उडी घेतली होती. ती १५ वर आली आणि आठवड्याला दीड-दोन किलोमीटरने वाढवत गेली. तिसऱ्या आठवड्यात कळ सौम्य झाली, सहाव्यात गेली. यातलं श्रेय शूजचं किती आणि कमी केलेल्या भाराचं किती, हे एका पायावरून वेगळं करता येत नाही. नडगीच्या आतल्या दुखण्यात अचानक वाढवलेलं अंतर हे फार मोठं कारण असतं, आणि फक्त शूज बदलून ती २७ वरच राहिली असती तर कळ गेली असती असं म्हणता येणार नाही.

धाकटीची कड पाच आठवड्यांत शांत झाली. मधे एकदा तिने शूज वॉशिंग मशीनमध्ये धुऊन कडक उन्हात वाळवले आणि पुढच्या बाजूला सोलचा चिकटा सुटला. शूज गार पाण्याने ब्रशने घासावेत, आत कागद कोंबून सावलीत वाळवावेत. उष्णतेने गोंद आणि फोम दोन्ही बिघडतात.

दोघी आता जोड घेतला की जिभेच्या आत पेनाने तारीख लिहितात. थोरली पहिला जोड ४५० किलोमीटरला आला की दुसरा आणून दोन्ही आलटून पालटून वापरते. नव्यातून जुन्यात पाय घातला की आतली बाजू बसलेली तिला लगेच जाणवते. सौम्य आधाराच्या तिच्या त्या जोडाची आतली भिंत ५६० किलोमीटरला २ मिलिमीटरने कमी भरली, रबर अजून चांगलं होतं, तरी तिने तो पळण्यातून काढला. धाकटीचा जोड ६४० पर्यंत चालला. तेव्हा चवड्याखालच्या खळग्यात तिच्या बोटाचं टोक सहज बसत होतं. तो जोड तिने चालण्यासाठी ठेवला आणि त्याची किलोमीटरची नोंद बंद केली.